लूप सांध्यावर अडखळतो आणि शेवट व्हिडिओशी जुळत नाही: दुखणं कुठे असतं आणि कसं काढायचं

आठ बारची छोटीशी धून म्यूजस्कोअर या स्वरलिपीच्या प्रोग्राममध्ये लिहिली, एमपी३ काढली, व्हिडिओ एडिटरच्या टाइमलाइनवर पाच वेळा शेजारी शेजारी ठेवली आणि व्हिडिओ जिथे संपतो तिथे कापली. ऐकल्यावर दर फेरीला बारीकसा धक्का बसतो आणि शेवटी धून वाक्याच्या मधेच तुटते. मग शेवटच्या तीन सेकंदांवर फेड आउट टाकून वेळ मारून नेली जाते. मीही कितीतरी व्हिडिओंना हेच केलं आहे. हा त्रास पुन्हा पुन्हा होतो, कारण त्यात दोन वेगळी दुखणी एकत्र आलेली असतात. एक सांध्याचं, दुसरं लांबीचं. दोन्ही एकाच उपायाने जात नाहीत, म्हणून एकेक घेऊ.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो. व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा आहे आणि त्यात एकूण 2360 फ्रेम आहेत, म्हणजे 94.4 सेकंद. धून चार मात्रांच्या बारची, आठ बारची, मिनिटाला 100 मात्रा या गतीची. एक बार 2.4 सेकंदांचा, एक फेरी 19.2 सेकंदांची, पाच फेऱ्या 96 सेकंदांच्या. व्हिडिओपेक्षा 1.6 सेकंद जास्त. शेवटची ओळ तुटते ती इथेच.

आधी कान लावा: टक्, पोकळी की ठेच?

सांध्यावरचा दोष तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. हेडफोन लावून फक्त सांध्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक सेकंद ऐका. ऑडॅसिटी या ध्वनी एडिटरमध्ये तेवढा भाग निवडून L दाबलं की लूप सुरू होतो, मग तेच ते फिरवत ऐकता येतं.

बारीक, कोरडा "टक्" असा आवाज येत असेल तर ध्वनीची लहर मधेच तुटली आहे. लांब धरलेल्या स्वरावर तो जास्त जाणवतो. लहर खूप मोठी करून पाहा, एकेक सॅम्पल ठिपक्यासारखं दिसेल इतकी. रेषा एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर पायरीसारखी उडी मारताना दिसली, तर टक् तिथूनच येतो आहे.

आवाज क्षणभर श्वास घेतल्यासारखा थांबत असेल तर सांध्यात रिकामी जागा आहे. मोठं करून पाहिल्यावर सपाट रेषा दिसते. ती निवडा आणि तिची लांबी मोजा. वीस-पंचवीस ते पन्नास-साठ मिलिसेकंदांच्या आसपास निघाली, तर बहुतेक वेळा दोष फाइलच्या प्रकाराचा असतो.

टक् नाही, पोकळीही नाही, पण चालता चालता ठेच लागावी तसा ठेका एकदम लवकर किंवा उशिरा पडत असेल, तर काप बारच्या रेषेवर नाही. डोळ्यांना लहर अगदी निर्दोष दिसते, म्हणून हा दोष सर्वांत उशिरा सापडतो.

पोकळी: एमपी३चा दोष

एमपी३ फाइल ध्वनी 1152 सॅम्पलच्या ठरावीक ठोकळ्यांत साठवते. तुमची धून ठोकळ्यांच्या हिशेबात नेमकी बसत नाही, म्हणून शेवटचा ठोकळा शांततेने भरला जातो. शिवाय एन्कोड आणि डीकोड करताना सुरुवातीलाही थोडी शांतता जमा होते. नेहमीच्या लेम एन्कोडरबरोबर ती साधारण 1105 सॅम्पलची असते, म्हणजे 44100 या सॅम्पल दराने 25 मिलिसेकंद. ही भर किती आहे याची नोंद फाइलमध्ये ठेवता येते. काही प्रोग्राम ती वाचून भर काढून टाकतात, काही तशीच वाजवतात. त्यामुळे तीच फाइल एका ठिकाणी नीट वाजते आणि दुसरीकडे अडखळते, आणि माणूस चक्रावतो.

हिशेब करा: पाच फेऱ्यांत चार सांधे, प्रत्येकी किमान 25 मिलिसेकंद, म्हणजे शेवटापर्यंत संगीत एक दशांश सेकंद मागे पडतं. 25 फ्रेमच्या व्हिडिओत हे अडीच फ्रेम झाले. सांध्यावरचं दुखणं असं गुपचूप लांबीचंही दुखणं होतं.

यावर एमपी३ साफ करत बसू नका. कामाच्या मधल्या प्रत्येक टप्प्यावर डब्ल्यूएव्ही वापरा, सॅम्पल दर 48000 ठेवा कारण व्हिडिओत तोच चालतो, आणि दाबलेली फाइल अगदी शेवटी एकदाच काढा. हातात फक्त एमपी३ असेल तर ती ऑडॅसिटीत उघडा, दोन्ही टोकांची सपाट जागा कापा आणि लगेच डब्ल्यूएव्ही करून ठेवा.

ठेच: टाइमलाइनच्या फ्रेमचा दोष

डब्ल्यूएव्ही घेऊनही ठेच राहिली, तर लूप कुठे जोडला ते आठवा. शॉटकट किंवा केडेनलाइव्हसारखा व्हिडिओ एडिटर क्लिप फ्रेमच्या सीमेवर कापतो. 25 फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते. 100 च्या गतीला आपली फेरी 19.2 सेकंद म्हणजे बरोबर 480 फ्रेमची आहे, तिथे योगायोगाने सगळं जमतं. गती 104 केली तर फेरी 18.46 सेकंदांची, म्हणजे 461.54 फ्रेमची होते. आता अर्धी फ्रेम कापायची कशी? एडिटर 461 वर कापेल किंवा 462 वर. ठेका दर सांध्याला वीसेक मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे पडेल, आणि हलक्या तालवाद्यावर ते कानाला बोचतं.

म्हणून माझा पक्का नियम असा की व्हिडिओ एडिटरमध्ये लूप जोडायचाच नाही. तिथे एकच पूर्ण, तयार पट्टी ठेवायची. जोडणी एकतर स्वरलिपीत किंवा ध्वनी एडिटरमध्ये, कारण तिथे काप सॅम्पलवर बसतो.

स्वरलिपी तुमचीच असेल तर ध्वनीचा लूप करण्याची गरजच नाही. म्यूजस्कोअरमध्ये आठ बारना सुरुवातीची आणि शेवटची पुनरावृत्तीची खूण लावा, शेवटच्या खुणेवर Play count मध्ये 5 लिहा, त्यापुढे शेवटच्या सुरावटीचा एक बार जोडा आणि सलग डब्ल्यूएव्ही काढा. सांधाच उरत नाही. इतकं सोपं असूनही लोक लूपच्या मागे लागतात, कारण कुठल्या तरी व्हिडिओत कोणीतरी तसं करताना पाहिलेलं असतं.

पण तीच धून तीन-चार वेगवेगळ्या लांबीच्या व्हिडिओंना लावायची असेल, तर लूप हाताशी असणं सोयीचं पडतं. तिथे नवाच त्रास सुरू होतो. एक फेरी वाजवून काढलेल्या फाइलमध्ये शेवटच्या स्वराचा घुमारा फेरीच्या बाहेर सांडतो. तो ठेवला तर लांबी वाढते. कापला तर पुढची फेरी अचानक कोरडी सुरू होते आणि सांधा उघडा पडतो. कितीही सफाईने कापलं तरी हे सुटत नाही, कारण चूक कापण्यात नाहीच. पहिल्या फेरीच्या आधी काही वाजलेलंच नसतं.

उपाय असा. धून तीनदा वाजेल आणि मग शेवटची सुरावट येईल अशी स्वरलिपी करा आणि ती एकच फाइल काढा. मधल्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्या फेरीचा घुमारा आहे, आणि तिचा घुमारा तिसरीत सांडतो आहे. म्हणजे मधली फेरी कितीही वेळा एकामागून एक लावली तरी घुमारा अखंड राहतो. 104 च्या गतीला 48000 च्या दराने एक फेरी 886154 सॅम्पलची होते. ऑडॅसिटीच्या निवडीच्या पट्टीत मोजणीचं एकक सॅम्पल करा, सुरुवातीला 886154 आणि शेवटी 1772308 लिहा. मधली फेरी नेमकी निवडली जाईल. मग Repeat इफेक्ट घ्या आणि संख्या 2 द्या. हा आकडा आणखी किती प्रती जोडायच्या याचा असतो, एकूण फेऱ्यांचा नसतो, इथे बरेच जण फसतात. आता पहिली फेरी, मधलीच्या तीन आणि तिसरी, अशा पाच फेऱ्या झाल्या आणि पुढे शेवटची सुरावट आपल्या घुमाऱ्यासह जशीच्या तशी आहे.

एवढं करूनही टक् राहिला, तर काप लहर शून्यरेषा ओलांडते तिथे न्या. निवड करून Z दाबलं की ऑडॅसिटी निवडीची टोकं जवळच्या शून्यावर सरकवते. स्टिरिओत डावी आणि उजवी लहर एकाच क्षणी शून्यावर असेलच असं नाही, त्यामुळे कधी कधी तरीही टक् उरतो. मग Crossfade Clips ने दोन तुकडे पाच-दहा मिलिसेकंद एकमेकांत मिसळा. जेवढा भाग एकमेकांवर चढतो तेवढी एकूण लांबी घटते, हे मात्र धरून चला. दहा मिलिसेकंदांचे चार सांधे म्हणजे एक अख्खी फ्रेम.

लांबी: सम आधी ठरवा, मग उलटं मोजा

आता दुसरं दुखणं. संगीत व्हिडिओ संपतो त्या क्षणी संपवायचं, असं मनात धरलं की सगळा हिशेब बिघडतो. वाद्याचा शेवटचा स्वर वाजल्यावर विरायला वेळ घेतो. म्हणून ठरवायचा क्षण एकच, शेवटचा ठोका कधी पडणार तो. तिहाई घेणारा तबलजी समेवरून उलटं मोजतो, तसंच इथेही करायचं.

छोट्या व्हिडिओला मी शेवटच्या ठोक्यानंतर दोन ते अडीच सेकंद राखून ठेवतो. आपल्या व्हिडिओत ठोका साधारण 92 व्या सेकंदाला पडला पाहिजे. 100 च्या गतीला 92 सेकंदांत 38.33 बार बसतात, म्हणजे आठाच्या फेऱ्या पुऱ्या होत नाहीत. पण पाच फेऱ्या म्हणजे 40 बार हव्या असतील तर एक बार 92 भागिले 40, म्हणजे 2.3 सेकंदांचा हवा. चार मात्रांचा बार असेल तर गती काढायला 240 ला बारच्या सेकंदांनी भागा. 240 भागिले 2.3 म्हणजे 104.35.

हा अपूर्णांक जसाच्या तसा धरून बसायची गरज नाही. सरळ 104 घ्या. एक बार 2.308 सेकंदांचा होतो, 40 बार 92.31 सेकंदांत संपतात, आणि शेवटच्या सुरावटीला विरायला 2.09 सेकंद उरतात. काही दशांशांचा जो फरक पडतो तो घुमारा पोटात घेतो, कोणाला कळत नाही. तोच फरक ठोक्यात राहिला असता तर लगेच कळला असता. म्यूजस्कोअरमध्ये गतीच्या खुणेतला आकडा बदलून 104 केला की झालं. स्वरलिपीतली गती बदलल्याने आवाजाचा दर्जा जरासुद्धा उतरत नाही, कारण स्वर नव्याने वाजवले जातात.

गती चार-पाच टक्क्यांहून जास्त बदलावी लागत असेल तर ती ओढूनताणून बदलू नका, धुनीचा बाजच बदलतो. त्याऐवजी फेऱ्या कमी-जास्त करा, किंवा सुरुवातीला चार बारची प्रस्तावना जोडा. स्वरलिपीत गती हळूहळू कमी करण्याची खूण किंवा मधे विराम असेल तर वरचा भागाकार लागू पडत नाही, कारण त्या खुणा वेळ वाढवतात. तिथे एकदा फाइल काढून शेवटचा ठोका कुठे पडतो ते लहरीवर मोजा, आणि कमी-जास्त सेकंद पाहून गती सुधारा. शेवटच्या सुरावटीवरच विराम असेल तर चिंता नाही, तो ठोक्यानंतर येतो.

दुसऱ्याचं तयार संगीत असेल तर

तिथे स्वरलिपी हातात नसते. बहुतेक जण सुरुवातीपासून हवे तेवढे सेकंद ठेवतात आणि उरलेलं शेपूट कापतात. पण शेपटीतच तर वादकाने नीट वाजवलेला शेवट असतो. कापायचं ते मधून.

समजा रेकॉर्डिंगची गती 90 आहे, बार चार मात्रांचा, आणि शेवटचा ठोका 147 व्या सेकंदाला पडतो. आपल्याला तो 92 च्या आसपास हवा, म्हणजे 55 सेकंद काढायचे. एक बार 2.667 सेकंदांचा, तेव्हा हे 20.6 बार झाले. बार तुकड्यांत काढता येत नाहीत, आणि ओळी चार-चार बारच्या असतील तर पूर्ण ओळीच काढाव्या लागतात. पाच ओळी, म्हणजे 20 बार काढले की 53.33 सेकंद जातात आणि ठोका 93.67 ला येतो. विरायला पाऊण सेकंदही उरत नाही. आता सगळ्या पट्टीवर Change Tempo ने गती 2 टक्के वाढवा. ठोका 91.83 ला येतो आणि मागे अडीच सेकंद राहतात. हा इफेक्ट स्वराची पट्टी न बदलता गती बदलतो. दोन-तीन टक्क्यांत सहसा काही जाणवत नाही. त्यापुढे गेलात तर आधी झांजांचा आवाज फाटल्यासारखा होतो, मग घुमारा थरथरतो.

काप शोधताना कान आणि डोळे दोन्ही वापरा. दोन्ही काप बारच्या पहिल्या मात्रेवर हवेत, आणि दोन्ही जागी तेच वाद्यसमूह, तीच सुरावट चालू असावी. मी काप ठोक्याच्या टोकावर न घेता दहाएक मिलिसेकंद आधी घेतो, म्हणजे ठोक्याचा सुरुवातीचा आघात शाबूत राहतो. एक फसवी जागा अशी की मुख्य सूर पुष्कळदा पहिल्या मात्रेच्या आधीच उचललेला असतो. तिथे बारच्या रेषेवर कापलं तर आधीच्या ओळीच्या शेवटी एक भलताच अर्धवट स्वर लटकतो. तसं झालं तर दोन्ही काप सारखेच अर्धी मात्रा किंवा एक मात्रा मागे सरकवा. दोन्हींमधलं अंतर तेच राहतं, म्हणून ठेका हलत नाही.

आणखी एक, कारण हे उशिरा कळलं की सगळं काम वाया जातं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्यात एनडी, म्हणजे नो डेरिव्हेटिव्ह्ज, ही अक्षरं आहेत, ते संगीत चित्राबरोबर जुळवून प्रसिद्ध करायला परवानगी नसते. न कापता वापरलं तरीही, कारण हलत्या चित्राशी वेळ जुळवणं हेच त्या परवान्यात रूपांतर धरलेलं आहे.

जोडणी आणि पडताळणी

या सगळ्या हिशेबाचा पाया व्हिडिओची खरी लांबी हा आहे, म्हणून हा आकडा काम सुरू करायच्या आधी काढा. प्लेअर दाखवतो तो आकडा पूर्ण सेकंदांचाच असतो, आणि फाइलची एकूण लांबी कधी कधी चित्राची नसून जुन्या ध्वनीपट्टीची असते. चित्राची लांबी कमांड लाइनवर, एफएफएमपेग या संचातल्या ffprobe ने अशी मिळते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=avg_frame_rate,duration,nb_frames -of default=noprint_wrappers=1 film.mp4
```

आपल्या उदाहरणात `avg_frame_rate=25/1`, `duration=94.400000` आणि `nb_frames=2360` असं दिसेल. फ्रेम दर `30000/1001` दिसला तर तो 30 नाही, 29.97 आहे. 2360 फ्रेम 30 ने मोजल्या तर 78.67 सेकंद येतात, खऱ्या 78.74 असतात. दोन फ्रेमचा हा फरक पुष्कळांना संगीताचा दोष वाटतो.

तयार पट्टी जोडताना तिची लांबी आदेशातच बांधून टाका. कमी पडली तर शांतता भरली जाईल, जास्त असेल तर कापली जाईल:

```
ffmpeg -i film.mp4 -i sangeet.wav -map 0:v -map 1:a -af "apad,atrim=end=94.4" -c:v copy -c:a aac -b:a 192k tayar.mp4
```

यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, जसंच्या तसं उचललं जातं. घुमारा 94.4 ला पूर्ण विरलेला नसेल तर काप ऐकू येईल. त्यासाठी जोडण्याआधी ऑडॅसिटीत शेवटचा ठोका संपल्यापासून 94.4 पर्यंतचा भाग निवडून Studio Fade Out लावा. फेडची सुरुवात ठोक्यावर चढू देऊ नका, नाहीतर समेचा जोरच जातो.

शेवटी `tayar.mp4` दोनदा ऐका. एकदा डोळे मिटून 18.46, 36.92, 55.38 आणि 73.85 या सेकंदांच्या आसपास, कारण आपले चारही सांधे तिथे आहेत. आणि एकदा 88 व्या सेकंदापासून चित्र पाहत. ठोका पडल्यावर शेवटचं दृश्य अजून पडद्यावर असेल आणि आवाज त्याच्याबरोबर विरत असेल, तर फाइल द्यायला तयार आहे.